घरचा ताळेबंद : सत्तेचाळीस लाख की साडेअकरा?

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीस माझा भाचा माझ्या दुकानी आला. माजलगावला त्याचे साड्या व ड्रेस मटेरियलचे दुकान आहे. भाड्याचे दुकान सोडून बाजारपेठेत स्वतःचा गाळा घ्यायचा त्याचा विचार होता. गाळा पंधरा लाखांचा. दहा लाख बँकेचे कर्ज आणि पाच लाख घरचे, असा बेत होता. बँकेने एक छापील फॉर्म दिला होता आणि त्यावर जामीनदार म्हणून माझी सही हवी होती.

फॉर्मवर शीर्षक होते 'मालमत्ता व दायित्व विवरण'. डाव्या बाजूला आपले काय काय आहे ते, उजव्या बाजूला लोकांचे काय काय देणे आहे ते. डावीतून उजवी वजा केली की उरतो तो आपला खरा ऐवज. ज्यांचे शिक्षण माझ्यासारखे उर्दू शाळेत झाले त्यांच्यासाठी सांगतो की, डावी बाजू म्हणजे असासे आणि उजवी म्हणजे वाजिबात. बँकवाले उरलेल्या रकमेला नेटवर्थ म्हणतात.

भाच्याने फॉर्म घरूनच भरून आणला होता. डावीकडची बेरीज सत्तावन्न लाख, उजवीकडची दहा लाख. म्हणजे निव्वळ ऐवज सत्तेचाळीस लाख. तो म्हणाला, "मामू, सत्तेचाळीस लाखांच्या आसामीला दहा लाखांचे कर्ज काय जड आहे?"

मी म्हटले, "सही करतो बेटा, पण आधी एकेक ओळ वाचू."

त्या दुपारी आम्ही तोच फॉर्म पुन्हा लिहिला. सत्तेचाळीस लाखांचे शेवटी साडेअकरा लाख झाले. भाचा खोटे बोलला नव्हता. आपल्यापैकी बहुतेक व्यापारी जसा हिशोब तोंडी सांगतात तसाच त्याने लिहिला होता. तो कुठे कुठे चुकला हे त्याच्या परवानगीने, नाव न घेता, येथे देत आहे.

दुकान वेगळे, घर वेगळे?

पहिला प्रश्न भाच्यानेच विचारला. दुकानाचा ताळेबंद सल्लागार दरवर्षी करून देतो, मग त्यात घर आणि सोने कशाला?

आपल्यापैकी बहुतेकांची दुकाने एकट्याच्या मालकीची असतात. अशा दुकानाला कायद्याने मालकापासून वेगळे अस्तित्व नाही. दुकानाचे देणे थकले तर सावकार किंवा बँक केवळ मालावर थांबत नाही. मालकाच्या स्वतःच्या बाकीच्या मिळकतीवरही ती येऊ शकते. म्हणून दुकानाचा ताळेबंद चांगला दिसला तरी माणसाची हालत त्यावरून कळत नाही. घर आणि दुकान एकाच कागदावर आले पाहिजे.

दुसरी गोष्ट तारखेची. आपण बरेच जण रमजानमध्ये जकातीसाठी हिशोब काढतो, त्यामुळे रोख, माल, सोने आणि येणे यांची यादी तयार असते. ती कामाला येते, पण ती म्हणजे हा कागद नव्हे. राहते घर, घरचे सामान, कारागिराची शिलाई मशीन किंवा हत्यारे जकातीच्या हिशोबात धरली जात नाहीत. या कागदात ती धरावी लागतात. शिवाय हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. रमजान कधी लग्नसराईत येतो, कधी पावसाळ्यात, कधी ऊसतोडीच्या हंगामात. त्यामुळे एका रमजानचा कागद दहा वर्षांपूर्वीच्या रमजानशी नीट जुळत नाही. वह्या बंद होतात ती ३१ मार्च ही तारीख धरावी आणि दरवर्षी तीच ठेवावी.

आपले कोणते, दुसऱ्याचे कोणते?

भाच्याच्या यादीत पहिली ओळ होती : राहते घर, २४ लाख. मी विचारले, मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचे? म्हणाला, अब्बांचे. अब्बांना जाऊन सहा वर्षे झाली. वारसाचा फेर झालेला नाही. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. आजी-आजोबा आधीच गेले होते.

मग घर त्याचे किती? शरीयतप्रमाणे मुले असताना विधवेचा हिस्सा आठवा, म्हणजे आईचे तीन लाख. उरलेले एकवीस लाख मुलामुलींत, मुलाचे दोन भाग आणि मुलीचा एक. दोन मुलगे आणि एक मुलगी मिळून पाच भाग झाले. एक भाग ४ लाख २० हजारांचा. तो बहिणीचा. प्रत्येक भावाचे ८ लाख ४० हजार. म्हणजे चोवीस लाखांच्या घरात भाच्याचे ८ लाख ४० हजारच होते. बाकी १५ लाख ६० हजार आई, भाऊ आणि बहिणीचे. बहीण सासरी गेली, तिने कधी मागितले नाही, म्हणून तिचा हिस्सा भावाचा होत नाही. वडिलांच्या नावावरची मिळकत पूर्ण आपली समजून लिहिणे, ही माझ्या पाहण्यात सर्वांत मोठी चूक आहे.

दुसरी ओळ सोन्याची होती, ६ लाख. त्यातले साडेचार लाखांचे त्याच्या बायकोचे होते. काही माहेरचे, काही मेहेर म्हणून दिलेले. दीड लाखाचे आईचे. घरात आहे खरे, पण बायकोचे दागिने बायकोचे आणि आईचे आईचे. नवऱ्याच्या ऐवजात ते येत नाही. घरच्या कागदावर बायकोचा रकाना वेगळा करावा आणि ते तिच्या नावाखाली लिहावे. अडचणीत ती स्वखुशीने देईल तर ते तिचे आपल्यावर कर्ज होईल, किंवा ती माफ करील. पण आधीच आपले म्हणून मोजायचे नाही. सोन्याची किंमत धरतानाही सराफ विकत घेताना जो भाव देईल तो धरावा, कारण दागिना करताना दिलेली मजुरी परत मिळत नाही.

भाच्याकडे शेती नाही. पण मराठवाड्यात अनेक घराण्यांकडे मशीद किंवा दर्ग्याच्या खिदमतीसाठी मिळालेल्या इनाम जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणुकीत आहेत. अशी जमीन वक्फची असेल तर कसणाऱ्याने ती आपल्या ऐवजात मुळीच धरू नये. ती विकता येत नाही आणि तिच्यावर कर्जही काढता येत नाही. तिचे उत्पन्न येते ते उत्पन्नात मोजावे.

मालाची किंमत कोणत्या भावाने?

दुकानातला माल भाच्याने १४ लाख लिहिला होता. विचारले तर म्हणाला, सगळा विकला तर तेवढे येतील. हा विक्रीचा भाव झाला. नफा माल विकल्यावर होतो, मांडणीत असताना नाही. म्हणून माल खरेदीच्या भावाने धरायचा. खरेदीची बिले काढली तेव्हा रक्कम ११ लाख झाली.

पण कपड्याच्या धंद्यात खरेदीचा भावही सगळ्या मालाला लागू पडत नाही. नक्षी आणि रंगाचे चलन बदलते. सुरतेहून आलेली साडी दोन हंगाम राहिली की तिला घडीच्या रेषा पडतात आणि गिऱ्हाईक तिला हात लावत नाही. म्हणून एक नियम धरावा की, खरेदीची किंमत आणि आज विकून हाती पडणारी किंमत यांत जी कमी ती लिहायची. आम्ही मांडणीतले गठ्ठे बिलाच्या तारखेनुसार पाहिले. दोन हंगामांपेक्षा जुना माल खरेदीच्या भावाने ३ लाखांचा निघाला. सेलमध्ये काढला तर त्याचे जेमतेम १ लाख २० हजार आले असते. ताजा माल ८ लाखांचा. म्हणजे एकूण ९ लाख २० हजार.

आपला माल जुना झाला का हे ओळखायची खूण सोपी आहे. ज्या गठ्ठ्याची चिठ्ठी मागच्या वर्षीच्या मोजणीतही होती, तो गठ्ठा जुना. म्हणून मोजणीच्या चिठ्ठ्या फेकू नयेत.

उधारीचे वय

येणे उधारी भाच्याने ६ लाख २० हजार लिहिली होती. वहीत तेवढी होती हे खरे. पण वहीतले येणे आणि हाती येणारे येणे यांत फरक असतो. उधारी तिच्या वयाप्रमाणे तीन ढिगांत वेगळी करावी.

पहिला ढीग एका वर्षाच्या आतला. तो २ लाख ६० हजारांचा होता आणि आम्ही पूर्ण धरला. दुसरा एक ते तीन वर्षांचा, २ लाखांचा. भाच्याचा मागच्या काही वर्षांचा अनुभव असा की, त्यातले निम्मे वसूल होते. म्हणून १ लाख धरले. तिसरा तीन वर्षांवरचा, १ लाख ६० हजारांचा. तो शून्य धरला.

तीन वर्षांची रेघ मी मनाने ओढलेली नाही. मुदतीच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षे असते. ती संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने 'इतकी बाकी मान्य आहे' असे लिहून सही दिली, तर त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. काही रक्कम भरून त्याची नोंद स्वतःच्या हाताने किंवा सहीने केली तरी तसेच. म्हणून वर्षातून एकदा बाकीवर सही घ्यायला लाजू नये. मुदत गेली तरी देणाऱ्यावरचे देणे संपत नाही. तो प्रामाणिक असेल तर देईलच. पण आपल्या कागदात ते धरून चालणार नाही. जेव्हा येईल तेव्हा त्या वर्षाच्या कागदात जमा होईल.

आपल्या जिल्ह्यात वयाबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भाच्याच्या ताज्या उधारीतले १ लाख २० हजार ऊसतोड कामगारांच्या घरांकडे होते. ही मंडळी पावसाळा संपताना मुकादमाकडून उचल घेतात, मुलाबाळांना कपडे करतात, मागची बाकी देतात, नवी करतात आणि कारखान्यांकडे जातात. परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्यांची बाकी मार्चअखेरीस पाच-सहा महिन्यांची दिसते, पण ती बुडालेली नसते. पुढच्या उचलीला ती येते. मात्र ती त्याआधी येणार नाही. हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येईल.

पतसंस्थेची पावती

यादीत एका पतसंस्थेतली अडीच लाखांची ठेव होती. संस्थेचे नाव येथे लिहीत नाही. व्यवहार बंद होऊन बरेच महिने झाले होते. भाचा म्हणाला, पावती तर माझ्याजवळ आहे.

पावती असणे आणि पैसे असणे वेगळे. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये सन २०२३ मध्ये ठेवी परत मिळणे थांबले, तेव्हा आपल्या जिल्ह्याने ते मोठ्या प्रमाणावर पाहिले. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. सन २०२० मध्ये त्याची मर्यादा एका ठेवीदारास एका बँकेत, व्याजासह, एक लाखावरून पाच लाख झाली. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या या विम्यात येत नाहीत. नावापुढे 'बँक' आहे की 'क्रेडिट सोसायटी' हे पावतीवर वाचावे.

बंद पडलेल्या संस्थेतली ठेव कागदावर शून्य धरायची आणि खाली टीप लिहायची की, इतके येणे आहे, अर्ज केला आहे. यामुळे आपला हक्क जात नाही. फक्त आपण त्या पैशाच्या भरवशावर नवे कर्ज काढत नाही.

बाकीच्या ओळी बरोबर होत्या. बँक खाते आणि गल्ला मिळून ८० हजार, छोटा टेम्पो आणि मोटारसायकल आजच्या बाजारभावाने दीड लाख, आणि दुकानमालकाकडे पावतीसह दिलेले डिपॉझिट २ लाख. आता डावीकडची बेरीज सत्तावन्न लाखांऐवजी २५ लाख ५० हजार झाली.

विसरलेली देणी

उजवीकडे भाच्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या. बँकेचे कॅश क्रेडिट ४ लाख ५० हजार आणि सुरत व इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांचे ५ लाख ५० हजार. ज्यांचा कागद आहे किंवा ज्यांचा फोन येतो, तेवढीच देणी माणसाला आठवतात. बाकीची विचारून काढावी लागतात.

पहिली निघाली भिशी. वीस जणांची, महिना दहा हजारांची. भाच्याने पाचव्या महिन्यातच दोन लाख उचलले होते. आठ हप्ते भरून झाले, बारा राहिले. भिशीचा नियम असा की, उचलण्यापूर्वी भरलेले हप्ते आपले येणे असतात आणि उचलल्यानंतर राहिलेले हप्ते आपले देणे होतात. म्हणजे १ लाख २० हजार देणे.

मग मेहुण्याकडून घेतलेले हातउसने दीड लाख. त्याचा कागद नव्हता, म्हणून ते लिहिलेच नव्हते. टेम्पोच्या कर्जाचे ६० हजार बाकी. भरायचा राहिलेला जीएसटी २० हजार. आणि निकाहाच्या वेळी उधार ठेवलेला मेहेर ५० हजार. भाचा यावर हसला. पण मेहेर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. नवरा गेला तर वाटणीपूर्वी इतर कर्जांबरोबर ते फेडावे लागते. मग ते या कागदावर का नको?

उजवीकडची बेरीज १४ लाख झाली. साडेपंचवीसमधून चौदा वजा केले, राहिले साडेअकरा लाख.

शेवटी मी विचारले, कोणाला जामीन आहेस का? एका मित्राच्या ३ लाखांच्या कर्जाला तो जामीन होता. जामीनदारी आजचे देणे नाही म्हणून बेरजेत धरत नाहीत. पण कराराच्या कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. कर्जदाराने हप्ता थकवला तर बँक आधी त्याच्यामागे लागलीच पाहिजे असे नाही. म्हणून कागदाच्या तळाशी लिहिले : जामीनदारी ३ लाख. मित्र बुडाला तर साडेअकराचे साडेआठ होतील.

दोन कागद शेजारी

सोयीसाठी दुरुस्त केलेला कागद येथे देतो. कंसात भाच्याने प्रथम लिहिलेली रक्कम आहे.

आपले :
घरातील हिस्सा — ८,४०,००० (२४,००,०००)
दुकानातील माल — ९,२०,००० (१४,००,०००)
येणे उधारी — ३,६०,००० (६,२०,०००)
सोने — ० (६,००,०००)
पतसंस्थेतील ठेव — ० (२,५०,०००)
रोख व बँक — ८०,००० (तेवढेच)
वाहने — १,५०,००० (तेवढेच)
दुकानाचे डिपॉझिट — २,००,००० (तेवढेच)
एकूण — २५,५०,००० (५७,००,०००)

देणे :
कॅश क्रेडिट — ४,५०,००० (तेवढेच)
व्यापारी देणे — ५,५०,००० (तेवढेच)
हातउसने — १,५०,००० (लिहिले नव्हते)
भिशी — १,२०,००० (लिहिले नव्हते)
टेम्पो कर्ज — ६०,००० (लिहिले नव्हते)
उधार मेहेर — ५०,००० (लिहिले नव्हते)
जीएसटी — २०,००० (लिहिले नव्हते)
एकूण — १४,००,००० (१०,००,०००)

निव्वळ ऐवज — ११,५०,००० (४७,००,०००)

हा आकडा काय सांगतो?

साडेअकरा लाख ही वाईट रक्कम नाही. पण एकट्या रकमेवरून तब्येत कळत नाही. त्यासाठी तिला तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : आपल्या रुपयात दुसऱ्याचे पैसे किती? देणे १४ लाख भागिले एकूण २५ लाख ५० हजार. म्हणजे रुपयात ५५ पैसे लोकांचे. भाच्याच्या पहिल्या कागदावर हेच सुमारे साडेसतरा पैसे दिसत होते. आपल्या रुपयात निम्म्याहून जास्त दुसऱ्याचे असेल तर मालाचा भाव थोडा पडला किंवा उधारी थोडी बुडाली तरी सगळा मार आपल्या उरलेल्या भागावर बसतो. देणेकऱ्याचे देणे कमी होत नाही.

दुसरा प्रश्न : आपला ऐवज कशात अडकला आहे? साडेअकरामधून घराचा हिस्सा काढला तर राहतात ३ लाख १० हजार. घराचा हिस्सा विकायचा म्हणजे आईला घराबाहेर काढायचे. म्हणजे तो पैसा धंद्याच्या अडचणीत कामाचा नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : पुढच्या तीन महिन्यांत द्यायचे किती आणि येणार किती? एप्रिल ते जून द्यायचे : व्यापाऱ्यांचे ५ लाख ५० हजार, भिशीचे तीन हप्ते ३० हजार, जीएसटी २० हजार आणि टेम्पोचे तीन हप्ते १५ हजार. एकूण ६ लाख १५ हजार. समोर काय? रोख ८० हजार आणि ताजी उधारी. ती २ लाख ६० हजार, पण त्यातले ऊसतोडवाल्यांचे १ लाख २० हजार उचलीपूर्वी येणार नाहीत. राहिले १ लाख ४० हजार. दोन्ही मिळून २ लाख २० हजार. तूट ३ लाख ९५ हजारांची. ती फक्त विक्रीतून भरून निघणार होती. घरखर्च, भाडे आणि नव्या मालाची खरेदी त्याहून वेगळी. लग्नसराई चांगली गेली तर निभावेल, आणि एक महिना मंद गेला तर सुरतेचा हुंडीवाला दारात.

आता याच माणसाने गाळा घेतला तर काय होईल? लोक म्हणतात, जागा घेतली की माणूस मोठा झाला. कागदावर पाहा. गाळ्याचे १५ लाख डावीकडे वाढले. धंद्यातून काढलेले ५ लाख डावीकडून कमी झाले. कर्जाचे १० लाख उजवीकडे आले. डावीकडे साडेपस्तीस, उजवीकडे चोवीस. निव्वळ ऐवज तेच साडेअकरा. खरेदीने माणूस एका पैशानेही श्रीमंत झाला नाही. पण रुपयात दुसऱ्याचे ५५ पैशांऐवजी सुमारे ६८ पैसे झाले, आणि जिथे तीन महिन्यांत चार लाखांची तूट होती तिथून पाच लाख आणखी निघून गेले. शिवाय दर महिन्याचा बँकेचा हप्ता नवा.

भाचा बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "मामू, गाळा राहू दे."

मी म्हटले, "गाळा वाईट नाही. वेळ चुकीची आहे."

दुसऱ्या वर्षाचा कागद

एक कागद म्हणजे एका दिवसाचे चित्र. खरी माहिती दुसऱ्या वर्षीच्या कागदाने मिळते. भाच्याने त्या वर्षात जुना माल घाट्यात काढला, वर्षाच्या वरच्या बाकीदारांना नवी उधारी बंद केली, आणि सुरतेची खरेदी एकदम न करता तीन वेळा केली. पुढच्या ३१ मार्चला आम्ही पुन्हा बसलो. निव्वळ ऐवज १३ लाख २० हजार निघाला. वाढ १ लाख ७० हजारांची.

ही वाढ कोठून आली तेही पाहावे. घराची किंमत आम्ही मुद्दाम तीच ठेवली होती, कारण शेजारच्याने घर महाग विकले म्हणून आपली कमाई वाढत नाही. शून्य धरलेल्या उधारीतले ४० हजार एका जुन्या गिऱ्हाइकाने स्वतः आणून दिले होते. ती जुन्या वर्षांची कमाई. उरलेले १ लाख ३० हजार हीच त्या वर्षाची खरी बचत, म्हणजे कमाईतून घरखर्च जाऊन राहिलेली रक्कम. भाच्याने वर्षभर काय कमावले आणि काय खाल्ले याची वही घरी ठेवलेली नव्हती. तरी दोन कागदांच्या वजाबाकीने ते सांगितले. व्यापाऱ्यांचे देणेही साडेपाचवरून साडेतीन लाखांवर आले होते. मला आकड्याच्या वाढीपेक्षा ही गोष्ट जास्त आवडली.

ऐवज वाढला पण तो फक्त जमिनीच्या किंवा सोन्याच्या भावाने वाढला असेल, तर समजावे की धंदा जागेवरच आहे. ऐवज घटला असेल तर घटीचे नाव शोधावे. लग्न, आजारपण किंवा घरबांधणीने एका वर्षी घटला तर ती घट समजण्यासारखी आहे. पण असे काही मोठे नसताना ओळीने दोन वर्षे घटला, तर आपण धंद्यातून जेवढे मिळते त्यापेक्षा जास्त काढून खात आहोत. गल्ल्यात रोज पैसे दिसतात म्हणून हे लक्षात येत नाही. ते पैसे सुरतेच्या व्यापाऱ्याचे असतात.

कागद घरात दोघांना माहीत असावा. भाच्याने तो बायकोला वाचून दाखवला. मेहुण्याचे हातउसने दीड लाख आणि मित्राची जामीनदारी तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. माणूस अचानक गेला तर देणेकरी घर शोधत येतात, येणेकरी येत नाहीत. येणे कोणाकडे आहे हे फक्त या कागदावर असते.

वडिलांच्या घराचा वारसाचा फेर त्याने त्या वर्षी चारही जणांच्या नावे करून घेतला. बहिणीला बोलावून तिचे नाव लावले. बँकेचा फॉर्म मात्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, माझ्या सहीशिवाय. भाचा म्हणतो, रुपयात दुसऱ्याचे पैसे चाळीसच्या खाली आले की मागायला येईन.